झारचे दोन चेहरे : छायाचित्रापासून सोन्याच्या पाटीपर्यंत

आजचा थ्रेड एका चेहऱ्याविषयी आहे. रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस याला आपण सारे ओळखतो ते छायाचित्रांमुळे. एका बाजूला भांग पाडलेले केस, आखूड दाढी, किंचित वर वळलेल्या मिशा आणि काहीसे थकलेले डोळे. हाच चेहरा आज रशियातील असंख्य चर्चमध्ये निराळ्या रूपात दिसतो. मागे सपाट सोनेरी पार्श्वभूमी, मस्तकाभोवती नक्षीदार प्रभावळ आणि अंगावर गडद तांबडा राजझगा. पहिला चेहरा कॅमेऱ्याने टिपला आहे, दुसरा छायाचित्रे समोर ठेवून चित्रकाराने घडवला आहे. या दोहोंच्या मधल्या वाटेवर काय काय गळून पडले आणि काय नव्याने आले, ते आज पाहू.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात. मार्च १९१७ मध्ये निकोलसने सिंहासनाचा त्याग केला. त्यानंतर तो कुटुंबासह नजरकैदेत राहिला. आधी राजधानीजवळच्या त्सारस्कोये सेलो येथे, मग सैबेरियातील टोबोल्स्क येथे आणि शेवटी येकातेरिनबुर्ग येथील इपातियेव यांच्या घरात. १७ जुलै १९१८ च्या पहाटेपूर्वी त्या घराच्या तळघरात बोल्शेविकांनी झार, झारीना अलेक्झांड्रा, ओल्गा, तात्याना, मारिया व अनास्तासिया या चार मुली, तेरा वर्षांचा अलेक्सेई आणि सोबतचे चार सेवक अशा अकरा जणांना ठार केले.

परदेशात विखुरलेल्या रशियन चर्चने १९८१ मध्ये न्यूयॉर्क येथे या सर्वांना हुतात्मा संत म्हणून घोषित केले. मॉस्कोच्या चर्चने तसाच निर्णय घेतला तो सोव्हिएत राजवट संपल्यावर, ऑगस्ट २००० मध्ये, आणि तेव्हा एक महत्त्वाचा भेद केला. त्यांनी झारकुटुंबातील सात जणांना ‘हुतात्मे’ म्हटले नाही; ‘यातना सोसणारे’ या अर्थाची एक जुनी रशियन संज्ञा वापरली. ही संज्ञा पहिल्यांदा लावली गेली ती १०१५ मध्ये सत्तासंघर्षात मारल्या गेलेल्या बोरिस आणि ग्लेब या राजपुत्रांना. ते धर्मासाठी मारले गेले नव्हते. पण त्यांनी प्रतिकार न करता मरण पत्करले, असे परंपरा सांगते.

हा भेद म्हणजे निव्वळ शब्दच्छल नव्हे. निकोलसच्या राजवटीत, जानेवारी १९०५ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथे अर्ज घेऊन निघालेल्या निःशस्त्र कामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. तो ‘रक्तरंजित रविवार’ लोक विसरले नव्हते. त्यामुळे चर्चच्या समितीने आपली भूमिका जपून मांडली : संतपद त्याच्या राज्यकारभारासाठी नाही, शेवटच्या सोळा महिन्यांच्या बंदिवासात या कुटुंबाने जे सोसले आणि ज्या रीतीने सोसले, त्यासाठी आहे. हे वाक्य ध्यानात असू द्या. पुढे त्याचा आणि चित्राचा उभा दावा लागणार आहे.

आता चित्रकाराकडे वळू. ऑर्थोडॉक्स परंपरेत अशा पूजनीय चित्राला आयकॉन म्हणतात. आयकॉन मनाने रचायचा नसतो. आधीच्या आयकॉनांवरून नवा सिद्ध होतो. रशियन चित्रकारांकडे त्यासाठी नमुनासंग्रह असत. त्यांत प्रत्येक संताची ओळख दोन-चार शब्दांत दिलेली असे : अमक्याची दाढी तमक्यासारखी, केस कानापर्यंत, झगा तांबडा. चेहऱ्याचे वर्णन दुसऱ्या संताच्या चेहऱ्याशी तुलना करून व्हायचे. बोरिसला आखूड दाढी, ग्लेबला दाढीच नाही. एवढ्यावर शतकानुशतके लोक त्यांना ओळखत आले. व्यक्तीचे ‘हुबेहूब’ रूप हवे, अशी अपेक्षा तिथे नव्हती.

निकोलसच्या बाबतीत चित्रकारापुढे नेमका उलटा पेच उभा राहिला. नमुना एकही नाही आणि छायाचित्रे ढिगाने. या कुटुंबाला स्वतःलाच छायाचित्रणाचा विलक्षण छंद होता. त्यांच्याकडे कोडॅकचे कॅमेरे होते. झारीनेची सखी आन्ना विरुबोवा हिचे सहा अल्बम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. मॉस्कोच्या सरकारी अभिलेखागारातला साठा तर त्याहून कितीतरी मोठा आहे. समुद्रस्नान, टेनिस, बोटीवरची दुपार, कंटाळलेली मुले, सारे काही त्यांत सापडते. जगाच्या इतिहासात ज्यांचे खासगी आयुष्य इतके टिपले गेले आहे, असे संत फार थोडे.

मग यांतले कोणते छायाचित्र निवडायचे? १९१७ च्या उन्हाळ्याचे एक छायाचित्र पाहा. गोवर येऊन गेल्यावर मुलींचे केस गळू लागले, म्हणून त्यांची डोकी भादरली होती आणि तशा तुळतुळीत डोक्यांनी त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या आहेत. टोबोल्स्कमधले दुसरे एक छायाचित्र आहे. काचगृहाच्या छपरावर निकोलस आणि मुले ऊन खात बसली आहेत. तिसऱ्यात माजी सम्राट करवतीने लाकूड कापतो आहे. संतपद ज्या काळासाठी दिले, त्या काळाचे हे थेट पुरावे. तरीही बहुतेक आयकॉनांतले चेहरे घेतले आहेत ते महायुद्धापूर्वीच्या, १९१३ च्या सुमारासच्या स्टुडिओतील औपचारिक छायाचित्रांवरून. केस विंचरलेले, दाढी नेटकी, मुली तरुण आणि निरोगी.

चेहरा ठरला की काम पाटीवर सुरू होते आणि ते संथ असते. (तंजावरच्या चित्रांतील उठावदार सोने आणि खडे डोळ्यांसमोर असतील, तर ते क्षणभर बाजूला ठेवा. येथील सोने बहुधा सपाट असते आणि त्याचे काम वेगळे असते.) लिंडेन वृक्षाची वाळवून मुरवलेली फळी घेतात. तिच्यावर सरसाने तागाचे कापड चिकटवतात, म्हणजे लाकूड पुढे हलले तरी वरचा थर फाटत नाही. मग सरसात कालवलेल्या खडूच्या भुकटीचे पातळ हात द्यायचे. आठ, दहा, कधी त्याहून अधिक. प्रत्येक हात वाळू द्यायचा. शेवटी घासून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत करायचा. घाई केली किंवा सरस जास्त तीव्र झाला, तर काही वर्षांत या थराला जाळीदार भेगा पडतात आणि सोन्यासकट पापुद्रे सुटू लागतात.

त्या पांढऱ्या पृष्ठभागावर रेखाटन उतरवतात. सोन्याच्या आणि रंगाच्या सीमारेषा अणकुचीदार सुईने किंचित कोरून ठेवतात, कारण सोने चढल्यावर पेन्सिलीची रेघ दिसणार नाही. सोने आधी, रंग नंतर, हा क्रम उलटता येत नाही. वर्ख अंड्याच्या रंगालाही चिकटतो. चेहरा आधी रंगवला तर त्यावर सोन्याचे डाग पडतील.

सोन्याच्या जागी आधी बारीक तांबड्या मातीचा लेप देतात. वर्ख इतका पातळ असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी भरते. बोटाने धरला तर तो फाटून बोटालाच चिकटतो. मातीच्या लेपावर कारागीर तोंडाने ऊबदार श्वास सोडतो, त्या दमटपणाने लेपातला सरस जागा होतो आणि तेवढ्यात वर्ख टेकवायचा असतो. मग अकीकाच्या गुळगुळीत खड्याने तो घोटतात. फार लवकर घोटला तर वर्ख सरकून फाटतो, फार उशीर झाला तर चकाकीच येत नाही. खालची तांबडी माती वर्खाच्या सूक्ष्म छिद्रांतून डोकावते, म्हणून त्या सोन्याला ऊब येते. पितळी रंग फासलेल्या स्वस्त प्रतीत नेमकी हीच ऊब नसते.

आता प्रभावळ. सोन्यावर सोन्याचे वर्तुळ दिसावे कसे? साधा उपाय म्हणजे कंपासने वर्तुळ कोरायचे आणि त्यावर तांबडी रेघ ओढायची. जुन्या आयकॉनांत बहुधा एवढेच दिसते. नक्षीदार प्रभावळ हवी असेल तर खडूच्या थरातच वेलबुट्टी ठोकून घेतात आणि तिच्यावर सोने चढवतात. मग प्रत्येक खळगा प्रकाश वेगळ्या कोनातून परतवतो. मौज अशी की, धातूच्या कोरीव आवरणाची आणि मीनाकामाची नक्कल करणारी ही भरगच्च नक्षी रशियात विशेष लोकप्रिय होती ती १८९० ते १९१० च्या दरम्यान, म्हणजे मुख्यतः खुद्द निकोलसच्या कारकिर्दीत. आज आपल्याला जी प्रभावळ ‘प्राचीन’ वाटते, ती पुष्कळदा त्याच्याच काळातली फॅशन असते.

पाटीवर सोने चढले की छायाचित्राशी खरा झगडा सुरू होतो. छायाचित्र म्हणजे एका क्षणी एका बाजूने आलेला प्रकाश. खिडकी डावीकडे असेल तर उजवा गाल काळवंडतो, नाकाची सावली ओठावर पडते, बुबुळात खिडकीचा ठिपका चमकतो. आयकॉनमध्ये मात्र बाहेरून येणारा प्रकाश मानलेलाच नाही. रशियन चित्रकार सोनेरी पार्श्वभूमीला चक्क ‘प्रकाश’ म्हणत. चित्रातली व्यक्ती प्रकाशाच्या समोर बसलेली नसते, ती प्रकाशातच असते. पावेल फ्लोरेन्स्की या पाद्री-विचारवंताने १९२२ च्या सुमारास लिहिलेल्या ‘इकोनोस्तास’ या निबंधात हा विचार विस्ताराने मांडला आहे. फ्लोरेन्स्कीलाही १९३७ मध्ये सोव्हिएत सत्तेने गोळी घातली.

म्हणून चित्रकार छायाचित्रातली सावली काढून टाकतो आणि चेहरा तळापासून पुन्हा उभारतो. आधी गडद हिरवट-तपकिरी रंगाचा सपाट हात. रंग अंड्याच्या पिवळ्या बलकात, पाणी आणि थोडे व्हिनेगर घालून कालवलेला. त्यावर पिवडीचे पातळ थर, प्रत्येक थर आधीच्याहून उजळ आणि क्षेत्रफळाने लहान. कपाळ, गालाची हाडे, नाकाचा कणा असे उंचवटे क्रमाने उजळत जातात. तळचा गडद रंग डोळ्यांच्या खोबणीत आणि दाढीच्या कडेला उरतो. शेवटी पांढऱ्या रंगाच्या दोन-चार बारीक रेघा. अशा रीतीने कृष्णधवल छायाचित्रातला अंधार आयकॉनमध्ये चेहऱ्याच्या खाली जातो.

ओळख राखणारे तपशील मोजके उरतात : भांग, कपाळाची उंची, दाढीचा आकार, मिशांचे वळण. बाकी सारे परंपरेच्या मापात बसवले जाते. डोळे थोडे मोठे, नाक लांब आणि सरळ, ओठ लहान आणि मिटलेले. बाजूला वळलेला चेहरा समोर आणला जातो. हसू तर हमखास जाते. अनास्तासियाची कॅमेऱ्यासमोरची वेडीवाकडी तोंडे प्रसिद्ध आहेत. आयकॉनमध्ये ती तिच्या बहिणींइतकीच धीरगंभीर उभी राहते. इतकी, की अनेक आयकॉनांत चार बहिणींतील कोणती कोण, हे केवळ शेजारी लिहिलेल्या नावावरूनच कळते. तशीही नावाशिवाय आयकॉनला पूर्णत्व येत नाही. छायाचित्रात साम्य ही ओळख असते, आयकॉनमध्ये नाव ही ओळख असते.

ही पुनर्रचना फसली की चित्र विचित्र दिसते, आणि नव्या संतांच्या आयकॉनांत ती बऱ्याचदा फसते. चेहरा छायाचित्रासारखा गोलाईदार आणि झगा मात्र कागदासारखा सपाट, जणू एखाद्या मुखवट्याला पोशाख चिकटवला आहे. पारखायचे असेल तर नाकाखाली आणि हनुवटीखाली एकाच बाजूला सावली पडली आहे का, ते पाहा. बुबुळांत चमकीचे ठिपके आहेत का, तेही पाहा. असतील तर चित्रकाराने चेहरा पुन्हा उभारलेला नाही, त्याने छायाचित्राची नक्कल केली आहे. माझ्या मते अशा चित्राचे नुकसान दुहेरी असते. ते छायाचित्राइतके प्रामाणिकही राहत नाही आणि आयकॉनइतके सुसंगतही होत नाही.

आता तांबड्या रंगाकडे येऊ, कारण माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा तिथे आहे. जुना चित्रकार प्रखर तांबड्यासाठी हिंगूळ वापरी आणि मातकट तांबड्यासाठी गेरूच्या जातीच्या माती. ऑर्थोडॉक्स चित्रभाषेत तांबड्या झग्याचे दोन अर्थ होतात. तो सांडलेल्या रक्ताचा रंग आहे आणि राजेपणाचाही. बोरिस-ग्लेबच्या आयकॉनांत हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात, कारण ते मारले गेले तेव्हा राजपुत्रच होते.

निकोलसचे तसे नाही. मरणसमयी तो सम्राट नव्हता. बंदिवासातल्या छायाचित्रांत तो साध्या सैनिकी सदऱ्यात, कमरेला पट्टा बांधलेला दिसतो. आयकॉन मात्र त्याला बहुधा मुकुट घालतो, रत्नजडित पट्टे लावलेला राजवेष चढवतो. लष्करी गणवेशातले आयकॉनही आहेत. पण मुकुट आणि राजझगा हेच रूप अधिक रुळले. आता चर्चच्या समितीचे ते जपून लिहिलेले वाक्य आठवा. संतपद बंदिवासासाठी आहे, राज्यकारभारासाठी नाही. चित्र मात्र बंदिवान दाखवतच नाही, राजा दाखवते. कागदावर जो भेद काळजीपूर्वक राखला होता, तो रंगात पुसला गेला. निवेदन किती भाविकांनी वाचले असेल? चित्रापुढे मात्र प्रत्येक जण उभा राहतो.

हा वेष आला कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. पीटर द ग्रेटनंतरचे झार युरोपीय लष्करी गणवेशात वावरत. निकोलसही तसाच वावरला. अपवाद फेब्रुवारी १९०३ चा. हिवाळी राजवाड्यातील वेषांतर-नृत्यसमारंभात निकोलस सतराव्या शतकातील झार अलेक्सेई मिखाईलोविच बनला होता आणि त्याच्या पोशाखात क्रेमलिनच्या शस्त्रागारातील काही अस्सल वस्तू वापरल्या होत्या. अलेक्झांड्रा झाली होती त्या झारची पत्नी मारिया मिलोस्लाव्स्काया. त्या रात्रीची छायाचित्रे अल्बमरूपाने प्रसिद्धही झाली. चित्रकाराला जुन्या धाटणीचा झार परंपरेतून मिळालाच होता. पण तो पोशाख खऱ्या निकोलसच्या अंगावर पाहायचा, तर छायाचित्र सापडते ते या हौसेच्या समारंभाचे.

आणखी एक गंमत याच झारच्या कारकिर्दीतली आहे. १९०० च्या आसपास मॉस्कोतील झाको आणि बोनाकेर या कारखान्याने पत्र्यावर छापलेले स्वस्त आयकॉन बाजारात आणले. हाताने चित्रे काढणारी पालेख, म्स्त्योरा, खोलुई ही गावे हवालदिल झाली. निकोदिम कोंदाकोव्ह या अभ्यासकाच्या पुढाकाराने निकोलसने १९०१ मध्ये रशियन आयकॉनकलेच्या रक्षणासाठी एक समिती नेमली. गावांत शाळा निघाल्या. छापील आयकॉनांना आळा घालण्याचा प्रयत्नही झाला, पण तो फसला. क्रांतीनंतर पालेखचे चित्रकार लाखेच्या डब्यांवर लोककथा रंगवू लागले. जुने तंत्र तगले ते मारिया सोकोलोवा यांच्यासारख्या मोजक्या व्यक्तींमुळे. त्यांनी १९५८ पासून मॉस्कोजवळच्या ट्रिनिटी-सर्गियस मठात विद्यार्थ्यांना ते शिकवले.

आणि आज? समिती नेमणाऱ्या त्या झारचे जे आयकॉन घरोघरी दिसतात, त्यांतले बहुसंख्य कागदावर छापून लाकडाला चिकटवलेले असतात. ते ओळखणे सोपे आहे. खऱ्या वर्खासमोरून चालत गेलात तर तो एका कोनात काळपट दिसतो आणि पुढच्याच पावलाला झळाळतो. छापील सोने सगळीकडून सारखेच पिवळट दिसते आणि भिंग धरले की त्यात ठिपके दिसतात.

शेवटी एक प्रसंग. रशियात ९ मे या विजयदिनी ‘अमर रेजिमेंट’ नावाची मिरवणूक निघते. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांचे छायाचित्र काठीला लावून लोक चालतात. हजारो कृष्णधवल चेहरे, बहुतेक साध्या सैनिकांचे. २०१६ मध्ये क्रिमियातील सिम्फेरोपोल येथे या मिरवणुकीत तिथल्या तत्कालीन मुख्य सरकारी वकील नतालिया पोक्लोन्स्काया हातात निकोलसचा आयकॉन घेऊन चालल्या. तो झार त्या युद्धाच्या कितीतरी आधी मारला गेला होता. त्यावर पुष्कळ वाद झाला. त्या दिवशीच्या चित्रफिती मिळाल्या तर जरूर पाहा. भोवती सगळीकडे सावली पडलेले, बाजूला पाहणारे, अर्धवट हसणारे छायाचित्रांतले चेहरे आहेत आणि त्यांच्या मधोमध सोन्याच्या पाटीवरचा एक चेहरा, ज्यावर कोणत्याही बाजूने सावली पडत नाही.